मुद्दा क्रमांक दोन

पत्रं लिहिणं ही माझी खोड आहे. चौतीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीच्या पत्रव्यवहार विभागात काढली, आणि तिथे माझं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे मला मसुदेराव म्हणत. साहेबांना कुणाला नकार द्यायचा असला, कुणाला गोड बोलून झुलवत ठेवायचं असलं, की फाईल माझ्या टेबलावर यायची. निवृत्त झालो, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आमच्या इमारतीत कुणाचं वीजबिल चुकलं, कुणाचं पार्सल हरवलं, की आमच्याच दाराची बेल वाजते. मी चष्मा पुसतो, ‘बसा’ म्हणतो आणि विषय, संदर्भ, महोदय असं सुरू होतो.

आमच्या हिचं माझ्या पत्रांबद्दल वेगळं मत आहे. “तुमच्या पत्रांना उत्तरं येतात ती पत्रं चांगली असतात म्हणून नाही हो,” ती म्हणते, “परत तुमचं पत्र येऊ नये म्हणून येतात.”

हिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. एकाएकी नाही गेले, दहा वर्षांत हळूहळू गेले. आधी बाजाराच्या पिशव्या गेल्या, मग बाग गेली, मग जिने. आम्ही तळमजल्यावर राहतो म्हणून घरातलं चालून जातं. पण रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हिची थोरली बहीण राहते. तिथे लिफ्ट नाही. बहीण हिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी तिला जिना बंद केलेला. म्हणजे एकीला उतरता येत नाही आणि दुसरीला चढता येत नाही. मधे चौपन्न पायऱ्या. रोज संध्याकाळी ही आमच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसते, वर बहीण गॅलरीत येते, आणि दोघी फोन कानाला लावून एकमेकींकडे बघत बोलतात. कधी वरून दोरीला बांधलेली टोपली खाली येते. त्यात बहिणीने विणलेलं काहीतरी असतं. ही मला रस्ता ओलांडून टोपली आणायला पाठवते.

डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही गुडघे बदला, सहा महिन्यांत जिने चढाल. खर्च ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मुलीने आम्हा दोघांची आरोग्य विम्याची पॉलिसी काढली. ती दुसऱ्या शहरात असते, सगळं फोनवरून उरकते. पॉलिसीत एक अट होती. सांधे बदलण्याचा खर्च तीन वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणार, तोही पॉलिसी मधे कुठे खंड न पडता चालू राहिली तर.

“तीन वर्षं काय,” ही म्हणाली, “दहा काढली, तीन कशीही जातील.” आणि स्वयंपाकघराच्या दाराआडच्या कॅलेंडरवर तिने खुणा करायला सुरुवात केली. महिना संपला की एक काट.

हप्ता विसरू नये म्हणून मुलीने माझ्या बँक खात्यावर ऑटोपे लावून दिलं. मी फक्त एकदा सही करून मंजुरी दिली. दर वर्षी बारा तारखेला कंपनी बँकेकडे पैसे मागणार आणि बँक माझ्या खात्यातून परस्पर देणार. मला हा प्रकार मनातून आवडला नव्हता. माझे पैसे, माझं खातं, आणि मला न विचारता जाणार! पण मुलीपुढे बोलायची सोय नाही.

पहिलं वर्ष गेलं, हप्ता गेला. दुसरं वर्ष संपलं, आणि बारा तारखेला हप्ता गेला, आणि चौदा तारखेला पुन्हा गेला. तेवढीच रक्कम. अडतीस हजार सहाशे चाळीस.

मी पासबुक घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईने दोन्ही नोंदी बघितल्या. “दोन्ही वेळा कंपनीनेच मागणी पाठवली आहे,” ती म्हणाली. “बाराला पैसे गेले, पण त्याचं उत्तर त्यांच्या यंत्रणेकडे वेळेत पोचलं नसेल. त्यांना वाटलं गेलेच नाहीत, म्हणून त्यांनी पुन्हा मागितले. मंजुरी तुमची आहे, त्यामुळे आम्ही दिले. जास्तीचे परत कंपनीच करेल. त्यांना लिहा. पॉलिसी नंबर टाका, खात्याचा उतारा आणि एक रद्द केलेला चेक जोडा.”

‘त्यांना लिहा’ हे दोन शब्द ऐकले आणि मी राग विसरलो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी स्वतःचं काम निघालं होतं.

मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, ॲपवर तक्रार टाका. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांच्या तक्रारीला दोन मिनिटांचीच किंमत असते,” मी म्हणालो.

त्या रविवारी सकाळी मी बैठकीच्या खोलीत टेबल पुसून बसलो. ही समोर बसली होती, उजवा पाय स्टुलावर ठेवून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. मी एकेक वाक्य मोठ्याने वाचत होतो. विषय, ऑटोपेद्वारे एकाच हप्त्याची दोनदा झालेली वसुली आणि जादा रकमेचा परतावा. संदर्भ, पॉलिसी क्रमांक अमुक. महोदय, आपल्या कंपनीने दिनांक बारा रोजी, आणि पुनश्च दिनांक चौदा रोजी...

“पुनश्च कशाला? पुन्हा लिहा की.”

“पुनश्च म्हटलं की लागतं त्यांना.”

मग मागण्या. एक, जादा वसूल केलेली रक्कम विनाविलंब माझ्या खात्यात जमा करावी. दोन, झाल्या मनस्तापाबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त करावी. मी थांबलो. कागद हातभर लांब धरून बघितला. काहीतरी कमी वाटत होतं.

“झालं की,” ही म्हणाली.

“दोनच मुद्दे झाले.”

“मग? पैसे परत द्या, एवढंच लिहा. दिलगिरी पण नको. दिलगिरी काय लोणच्यात घालायची आहे?”

“अगं, मुद्दे तीन हवेत. आमच्या कचेरीचा दंडक होता. दोन मुद्द्यांचं पत्र लंगडं दिसतं.”

पिशवी उजव्या गुडघ्यावरून उचलून हिने डाव्यावर ठेवली. मी तेव्हा कागदाकडेच बघत होतो, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. आता रोज दिसतो.

तर लंगडेपणा घालवायला मी एक मुद्दा मधे घुसवला. मुद्दा क्रमांक दोन. ‘यापुढे माझ्या पूर्वलेखी संमतीशिवाय माझ्या खात्यातून कोणतीही रक्कम वळती करण्यात येऊ नये.’ वाक्य झोकात उतरलं होतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

“म्हणजे आता दर वर्षी ते तुम्हाला विचारणार?” हिने विचारलं.

“छे गं! ती नुसती तंबी आहे. असं लिहायचंच असतं.”

खरंच, मला तंबीच द्यायची होती. चौतीस वर्षं मी असली वाक्यं लिहिली आणि असली वाक्यं वाचली. त्यांनी कधी कुणाचं काही बिघडलं नाही की सुधारलं नाही. लग्नाच्या पंक्तीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात, तेवढाच त्यांना अर्थ. मी उतारा जोडला, रद्द केलेला चेक जोडला, पोच मिळेल अशा टपालाने पत्र रवाना केलं आणि प्रत फाईलला लावली.

दहाव्या दिवशी पैसे परत आले. त्याच खात्यात, एक पैसा कमी न करता. आणि तेराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. मी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं. पहिला परिच्छेद परताव्याचा. तिसरा दिलगिरीचा, चांगली चार ओळींची. आणि मधला असा: ‘आपल्या पत्रातील मुद्दा क्रमांक दोनची नोंद घेण्यात आली असून त्यानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.’

मी हसलो. मोठ्याने हसलो. ही आतून म्हणाली, काय झालं?

काय झालं ते सांगायचं तर माझी सगळी नोकरी सांगावी लागेल. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे’ हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होता: काहीही केलेलं नाही, करणारही नाही, तुम्ही परत लिहू नका. नव्या कारकुनाला मी पहिल्या दिवशी हे वाक्य शिकवायचो. त्यामुळे कंपनीच्या पत्रात ते दिसलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिकडेही कुणी मसुदेराव बसलेला आहे, असं वाटलं.

त्या कागदावर मी ‘आवक’चा शिक्का मारला. हो, घरी माझ्याकडे शिक्का आहे. पुढचे पंधरा दिवस मी ते पत्र येईल त्याला दाखवलं. दूधवाल्यालासुद्धा.

त्या दरम्यान बँकेकडून फोनवर एक संदेश आला होता, ‘आपली ऑटोपे मंजुरी रद्द करण्यात आली आहे.’ तो मला नंतर सापडला. कर्ज घ्या, सोफा घ्या, बक्षीस लागलं अशा शेकडो संदेशांच्या गर्दीत तो न उघडता पडला होता. मी कागद वाचणारा माणूस. फोनवर येतं त्याला मी लेखी समजत नाही.

वर्ष गेलं. हिच्या कॅलेंडरवरच्या खुणा वाढत गेल्या. शेवटचे चार महिने राहिले तेव्हा तिने बहिणीला फोनवर सांगितलं, “चहाचं पातेलं मोठं काढून ठेव. मी वर आले की दोन दिवस हलणार नाही.” बहीण वरून काहीतरी बोलली आणि दोघी इतक्या हसल्या की रस्त्याने जाणारा एकजण थांबून वर-खाली बघायला लागला.

नूतनीकरणाची सूचना कंपनीने टपालाने पाठवली. तीही मी वाचली, उगाच खोटं बोलणार नाही. अमुक तारखेपूर्वी हप्ता भरावा, आणि खाली बारीक अक्षरात, ‘ऑटोपे सुविधा घेतलेल्या ग्राहकांनी या सूचनेकडे दुर्लक्ष करावे.’ मी सुविधा घेतलेला ग्राहक. मी दुर्लक्ष केलं. शिक्का मारला आणि फाईलला लावली. बारा तारीख आली आणि गेली. त्या महिन्यात पासबुक भरून घ्यायलाही मी गेलो नाही, कारण रक्त तपासा, हृदय तपासा, दात तपासा, असं आमचं शस्त्रक्रियेआधीचं सत्र चालू होतं. पुढच्या महिन्याच्या तेवीस तारखेला शस्त्रक्रिया ठरली होती. हिने स्वतःसाठी पायजम्यासारखे सैल कपडे शिवून घेतले होते. बहिणीने गुडघ्यांवर घ्यायला एक पांघरूण विणून टोपलीतून सोडलं होतं.

वीस तारखेला रुग्णालयाच्या विमा खिडकीवर मी कागद घेऊन गेलो. ही बाजूच्या बाकावर बसली होती. आतल्या माणसाने कार्डावरचा नंबर टाकला, कंपनीकडे पूर्वमंजुरीची विनंती पाठवली आणि आम्हाला थांबायला सांगितलं. अर्ध्या तासाने त्याने मला बोलावलं.

“काका, पॉलिसी चालू नाहीये.”

“नीट बघा. नंबर चुकला असेल.”

“नंबर बरोबर आहे. दोघांची नावं दिसतात. यंदाचा हप्ता आलेला नाही. सवलतीचे तीस दिवसही संपले, त्यालाही आठ दिवस झाले.”

मी त्याला सांगितलं की ऑटोपे आहे, हप्ता आपोआप जातो, तुमच्या यंत्रणेत घोळ असेल, मागच्या वर्षी तर दोनदा गेला होता, माझ्याकडे कंपनीची दिलगिरी आहे, लेखी. मी बोलत होतो आणि तो बिचारा माझ्याकडे बघत होता. मागे रांगेतल्या एका माणसाने घसा खाकरला. बाकावरून ही म्हणाली, “अहो, हळू.”

तिला टॅक्सीत बसवून घरी पाठवलं आणि मी तसाच विमा कंपनीच्या शाखेत गेलो. मनात पत्राची सुरुवात तयार होती. ‘आपल्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे...’

शाखेत टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती. मुलीच्याच वयाची. तिने पॉलिसी उघडली आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. “अय्या, तुम्ही ते पत्रवाले काका! ते पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. आमचे साहेब म्हणाले, असं लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत.”

आणि तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. माझंच पत्र. माझं अक्षर, माझी सही, माझं पुनश्च. मुद्दा क्रमांक दोनखाली कुणीतरी पेनाने रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘ग्राहकाची लेखी सूचना. ऑटोपे रद्द करावे.’

“तुम्ही संमतीशिवाय काही वळतं करू नका म्हणालात ना,” ती म्हणाली. “म्हणून त्याच दिवशी आम्ही मंजुरी रद्द करायला बँकेला कळवलं. तुम्हालाही पत्र पाठवलं होतं.”

“योग्य ती कार्यवाही,” मी म्हणालो.

“हो. केली की लगेच.”

तिला वाटलं मी तिचं कौतुक करतोय. आणि खरं तर कौतुकच करायला हवं होतं. जगात एक तरी जागा अशी निघाली, जिथे ते वाक्य लिहिलं म्हणजे कार्यवाही झालेली असते, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला यावी! मला तिथे टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मनातलं ‘अक्षम्य’ कुठल्या कुठे गेलं. क्षमा कुणी कुणाची मागायची हे आता स्पष्टच होतं.

तिने पाणी मागवलं. मग मला समजेल असं सावकाश सांगितलं. सवलतीचे दिवस संपल्यामुळे पॉलिसीत खंड पडला होता. नवी पॉलिसी घेता येईल, पण तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. एकच वाट होती, उशीर माफ करावा असा अर्ज. तो ती आजच मुख्य कार्यालयाकडे पाठवेल. “निर्णय तिकडे होतो, काका. मी आशा नाही लावत. पण लिहा. तुम्ही छानच लिहाल.”

घरी आलो. ही फाटकापाशी खुर्चीत बसली होती, पण फोन मांडीवर होता. वर गॅलरीत बहीण उभी होती. मी हिला सगळं सांगितलं. फाटकातच, उभ्यानेच सांगितलं, कारण आत गेलो असतो तर धीर झाला नसता. रेघ ओढलेल्या मुद्द्याचंही सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मला वाटलं आता ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला दुधाच्या पातेल्यावरून, ओल्या टॉवेलवरून, कशाकशावरून फाडून खाल्लंय. त्या दिवशी नाही.

“तीन वर्षं?” तिने एवढंच विचारलं.

“पुन्हा पहिल्यापासून.”

तिने वर बघितलं आणि बहिणीला हाताने ‘नंतर करते’ अशी खूण केली. मग खुर्चीच्या दांड्यांवर हात रोवून ती उठायला लागली. मी हात पुढे केला. तिने घेतला. तिने तो झिडकारला असता तर मला बरं वाटलं असतं.

अर्ज लिहायला बसलो आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला लिहिता येईना. पहिल्या कागदावर बँकेचा दोष निघाला. दुसऱ्यावर कंपनीच्या बारीक अक्षरांचा. तिसऱ्यात मी ‘गैरसमज’ असा शब्द वापरला आणि तो कुणाचा हे गुलदस्त्यात ठेवलं. दोष कुणाच्याच अंगाला लागू नये असं लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे माझा दोष लिहायला माझ्याकडे वाक्यच नव्हतं. चौथा कागद घेतला तेव्हा ही येऊन बसली.

“मी सांगते, तुम्ही लिहा,” ती म्हणाली. “लिहा, माझ्या नवऱ्याने रागाच्या भरात नको ते लिहिलं. त्याला ऑटोपे बंद करायचं नव्हतं. मी तीन वर्षं थांबले. पैसे आजच भरतो. उशीर माफ करा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी लिहिलं. मुद्दे घातले नाहीत. खाली तिने सही केली, शाळकरी मुलीसारखी, पूर्ण नाव लिहून. माझ्या सगळ्या पत्रांत ते सगळ्यात चांगलं पत्र होतं, आणि ते माझं नव्हतं.

मुलीला सांगावंच लागलं. ती फोनवर म्हणाली, “बाबा, ॲपवर दोन मिनिटांचं काम होतं हो.” ती रागावली नव्हती, रडत होती. मी फोन हिच्याकडे दिला.

सोळा दिवसांनी उत्तर आलं. मुख्य कार्यालयाला सहानुभूती होती. परंतु नियमानुसार सवलतीच्या मुदतीनंतरचा खंड माफ करता येत नाही. त्यांनी आमची विनंती फेटाळली होती, आणि सोबत नव्या पॉलिसीचा फॉर्म जोडला होता. त्या पत्रात एकही वाक्य इकडचं तिकडे नव्हतं. मी शोधलं. चार वेळा वाचून कुठे फट आहे का ते शोधलं. जे म्हणायचं होतं तेच त्यांनी म्हटलं होतं. मी त्यावर शिक्का मारला नाही. शिक्का आणि शाईची डबी दोन्ही कपाटाच्या वरच्या फळीवर मागे ढकलून दिली.

मग आम्ही हिशेबाला बसलो, मी, ही आणि फोनवर मुलगी. माझी ठेव, हिच्या दोन बांगड्या, मुलगी देऊ शकत होती ते, आणि ते अडतीस हजार सहाशे चाळीस, जे मी पत्र लिहून परत मिळवले होते आणि ज्यांचा मला वर्षभर अभिमान होता. सगळं मिळून एका गुडघ्याचे पैसे होत होते. दोन्हींचे नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक बदलला तरी दुखणं निम्मं होईल, घरात, सपाटीवर नीट चालाल. आणि जिना? ते म्हणाले, एक-दोन मजले, कठड्याला धरून, कधीतरी. चौपन्न पायऱ्यांचं त्यांनी काही म्हटलं नाही. हिने पुन्हा विचारलं नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “ताईला सांगू नका. मी सांगेन माझी मी.” अजून तिने सांगितलेलं नाही. वर मोठं पातेलं काढून ठेवलेलं असणार.

नवी पॉलिसी आम्ही घेतली आहे. हप्ता मी स्वतः शाखेत जाऊन भरला. कॅलेंडरवर मी पहिली काट मारायला गेलो तर हिने पेन माझ्या हातातून काढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

काल रुग्णालयात दाखल व्हायचा फॉर्म भरायचा होता. ही पलंगावर बसली होती, सैल कपडे घालून, पाय खाली सोडून. दोन्ही गुडघे सारखेच सुजलेले. परिचारिका म्हणाली, “काका, तुमचं अक्षर छान दिसतंय, तुम्हीच भरा.” मी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग एक रकाना आला: शस्त्रक्रिया कोणत्या गुडघ्याची. समोर भरपूर जागा सोडली होती, दोन ओळी बसतील इतकी.

मी पेन थांबवला. “कुठला जास्त दुखतो गं?”

ही आपल्या पायांकडे बघत राहिली. मग तिने डावा हात डाव्या गुडघ्यावर ठेवला, जसा आपण घरी मागे ठेवायच्या मुलाची समजूत काढताना ठेवतो तसा, आणि म्हणाली, “उजवा.”

मी बघत होतो.

“उजवा,” ती म्हणाली. “एवढंच लिहा.”

मी एवढंच लिहिलं.